चंद्रीच्या कार्डावरची लाल ओळ

बकुळा सिस्टरची जीभ म्हणजे लवंगी मिरची, हे उल्हासनगरच्या त्या ट्रस्टच्या इस्पितळात नव्या वॉर्डबॉयलाही पहिल्याच दिवशी कळायचं. कळायचं म्हणजे काय, लागायचं. राहायची बदलापूरला, बेलवलीत. नवरा अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात. सकाळी आठच्या ड्यूटीला पावणेआठला हजर, केसात एकही बट इकडची तिकडे नाही, आणि वॉर्डात पाय ठेवल्या ठेवल्या पहिला आवाज हिचाच. बेडपॅन इथे का, नातेवाईक चौघे का, औषध घेतलं का, नाही घेतलं तर का नाही. पण सलाईनची शीर कुणाला सापडत नसली की तिलाच हाक मारायचे. हात असा हलका, की रडणारं पोरही सुई जाताना गप्प असायचं, कारण सुई गेली हे त्याला कळायचंच नाही. ओरडते पण मायेने करते, असं लोक म्हणायचे. तिलाही ते ऐकायला आवडायचं, उगाच खोटं कशाला बोला.

अशा बाईची त्र्याण्णव सालच्या थंडीत एका कार्डाने बोलती बंद केली.

सोमवारी सकाळी वॉर्डात एक पोरगी आली. चंद्री तिचं नाव, वय एकवीस-बावीस, बारवी धरणाच्या बाजूच्या डोंगरातली एक वाडी, तिथली. तीन आठवडे ताप. अंगाचं नुसतं चिपाड झालेलं, नखांखाली बारीक तांबड्या रेघा, आणि छातीवर नळी ठेवली की हृदयाच्या ठोक्याबरोबर फुसफुस ऐकू यायची. सोबत तिची आई, तानी. डॉक्टर गिडवानींनी तपासलं आणि त्यांचा चेहरा उतरला. लहानपणी सांध्यांच्या तापाने या पोरीच्या हृदयाची एक झडप खराब केलेली होती. आता त्याच खराब झडपेवर जंतूंनी घर केलं होतं. औषध नेमकं आणि जोरकस मिळालं नाही तर माणूस हमखास जातो, असा हा आजार. त्यांनी तीन वेगवेगळ्या वेळी रक्त काढून तपासणीला पाठवलं आणि मग जुने कागद मागितले.

तानीने लुगड्याच्या घडीतून प्लास्टिकची पिशवी काढली. पिशवीत आरोग्य केंद्राचं एक पिवळं पडलेलं कार्ड. त्यावर लाल शाईत, खाली दोन रेघा ओढून लिहिलेलं: 'पेनिसिलिन रिअ‍ॅक्शन. पुन्हा देऊ नये.'

बकुळाने ते हातात घेतलं. अक्षर तिचंच होतं.

दहा वर्षांपूर्वी, त्र्याऐंशी साली, ती त्या डोंगराच्या अंगाला असलेल्या सरकारी आरोग्य केंद्रावर नर्स होती. चंद्री तेव्हा अकरा वर्षांची. सांध्यांचा ताप होऊन गेलेल्या पोरांना तो ताप पुन्हा येऊ नये म्हणून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनची एक जाड, दुखरी सुई कमरेत द्यायची असते, वर्षानुवर्षं. चंद्रीला चार सुया दिल्या, काही झालं नाही. पाचवीला पोरगी उभ्या उभ्या कोसळली. डॉक्टर जिल्ह्याला गेलेले. बकुळाने ते परत आल्यावर सांगितलं, त्यांनी मान वर न करता सांगितलं की इथे आपल्याकडे ऑक्सिजन नाही, काही नाही, रिस्क नको, लाल शाईत लिहून टाका. तिने लिहिलं. पेनिसिलिनच्या जागी रोजच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या कधी केंद्रावर असायच्या, कधी नसायच्या. रोज गोळीसाठी कुठली वाडीतली माणसं इतकं चालणार? वर्षाच्या आत चंद्री यायची बंद झाली. बकुळाची बदली झाली, मग तिने सरकारी नोकरीच सोडली आणि इकडे आली. चंद्री तिच्या डोक्यातून गेलीसुद्धा.

आता ती समोर पडली होती आणि आईने किंवा लेकीने सिस्टरला ओळखलं की नाही, हे काही कळत नव्हतं. बकुळाने कार्ड केसपेपरला टाचलं आणि तोंड उघडलं नाही. अहो, उघडणार काय? मनात म्हणाली, रिअ‍ॅक्शन आली होती म्हणून लिहिलं. बरोबरच लिहिलं. पण मग ते डॉक्टरांना सांगवत का नाही?

डॉक्टरांनी ती लाल ओळ वाचून पेनिसिलिन बाजूला ठेवलं. दुसरी दोन औषधं सुरू केली. एक एरिथ्रोमायसिन. ते जंतूंना वाढू देत नाही, पण झडपेवर ठाण मांडून बसलेल्यांना मारून टाकायची ताकद त्याच्यात नसते. दुसरं जेंटामायसिन, त्याला जोडीदार तगडा लागतो. रक्त कमी म्हणून शुक्रवारी एक बाटली रक्त चढवलं, आधी रिवाजाप्रमाणे अ‍ॅव्हिलचं इंजेक्शन. ताप उतरेना. रोज दुपारी एकशे दोन, एकशे तीन. शनिवारी लघवी लालसर झाली आणि मूत्रपिंडं दमायला लागल्याचा रिपोर्ट आला. जेंटामायसिन मूत्रपिंडांना वाईट, तेही बंद करावं लागलं. त्याच दिवशी रक्ताचा रिपोर्ट हाती पडला. जंतू स्ट्रेप्टोकोकस जातीचा, आणि पेनिसिलिनने सहज मरणारा.

डॉक्टर गिडवानी शांत माणूस. सिंधी, पण मराठी चांगली बोलायचे, मध्येच हिंदीत घसरायचे. त्या दिवशी मात्र रिपोर्ट टेबलावर आपटून ते खुर्चीत बसले.

त्यांनी बकुळाला सगळं उकलून सांगितलं, खरं तर स्वतःलाच सांगत होते. व्हॅन्कोमायसिन म्हणून एक परदेशी औषध आहे, पण ते उल्हासनगरात कुणाकडे नाही, मुंबईत शोधावं लागेल, आणि चार आठवडे ते दिलं तर ही आधीच दमलेली मूत्रपिंडं आणखी खराब व्हायची भीती. रक्तात ते किती साठतंय हे मोजायची सोय इथे नाही. सेफ्ट्रायॅक्सोन चालेल, पण ते पेनिसिलिनचं लांबचं भावंड. पेनिसिलिनने जीव घेणारी रिअ‍ॅक्शन खरोखर आली असेल तर अशा काही थोड्या लोकांना त्यानेही येते. आणि सगळ्यात चांगलं, सगळ्यात साधं, आपल्या कपाटात पडलेलं औषध आहे पेनिसिलिन, त्याच्यावर लाल शाई.

"रिअ‍ॅक्शन म्हणजे काय, ते कुणी लिहिलंच नाही," ते म्हणाले. "अंगावर गांधी उठल्या? गळा सुजला? दम लागला? नुसतं रिअ‍ॅक्शन! हा शब्द वाचून मी काय करू? ज्याने लिहिलं तो माणूस मला एकदा भेटू दे."

सहा दिवस बकुळा गप्प होती. सहा दिवस त्या पोरीला बिनकामाचं औषध स्वतःच्या हाताने देत होती. तिला स्वतःचीच शिसारी आली.

"मी लिहिलंय, सर," ती म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. चिडतील असं तिला वाटलं, चिडले असते तर बरंच झालं असतं. त्यांनी नुसती समोरची खुर्ची सरकवली आणि एकेक विचारायला लागले. सुई दिल्यावर किती वेळाने पडली? लगेच, सुई बाहेर काढते न काढते तोच. अंगावर काही उठलं? नाही. खाजवत होती? नाही. ओठ, डोळे सुजले? नाही. श्वासाला घरघर? नाही. रंग? पांढराफटक, घामाने थंडगार. नाडी? बकुळा थांबली. नाडी तिने घड्याळ लावून मोजली होती, हे तिला आठवत होतं. मंद होती. पन्नासच्याही खाली. पाय वर उचलून धरले तशी दोन मिनिटांत पोरगी उठून बसली, जीव वाचवायचं अ‍ॅड्रिनलिन भरायच्या आतच.

"हे तर घेरी आल्यासारखं वाटतं," डॉक्टर हळूच म्हणाले. "रिअ‍ॅक्शनमध्ये नाडी बहुतेक पळते." आणि मग तिच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "पण दहा वर्षं झाली, सिस्टर. तुम्हाला जे हवंय तेच तर आठवत नाही ना?"

बकुळाने पुन्हा आठवून पाहिलं. नाडी आठवत होती. पण गांधी नव्हत्या, हे आठवत होतं, की त्या नसाव्यात असं आज वाटत होतं?

तानीला बोलावलं. डॉक्टरांनी बकुळाला गप्प राहायला सांगून म्हातारीला स्वतःच विचारलं. तानी म्हणाली, पोर पांढरी पडली, मग उठली आणि घरी चालत आली. अंगावर फोड-बिड काही नाही. मग थोडं थांबून म्हणाली, त्या रोजी वाडीत नवं होतं. नवा भात आला की तो देवाला दाखवल्याखेरीज घरात कुणी तोंडात घास घालत नाही. पोरही आदल्या सांजेपासून उपाशी होती, आणि तशीच सुईसाठी दोन कोस चालत आली होती.

बकुळाच्या तोंडून निघालंच, की अगं, तेव्हा का नाही सांगितलंस? तानीने मान खाली घातली. आठवलं नाही, म्हणाली.

उपाशी पोर, दोन कोस चाल, दुखरी सुई. घेरी यायला आणखी काय लागतं? पण डॉक्टर म्हणाले, वाटतं म्हणून वीस लाख युनिट शिरेत सोडता येत नाही. कातडीवर तपासणी करू. त्यांनी मुंबईला त्यांच्या जुन्या सरांना फोन लावला आणि वहीभर लिहून घेतलं. सरांनी पहिलं काय विचारलं असेल, तर पेशंटला अ‍ॅव्हिल दिलंय का? अ‍ॅव्हिल अंगात असलं की कातडी गप्प बसते, अ‍ॅलर्जी असूनही काही उठत नाही, आणि माणूस फसतो. चार्ट पाहिला तर शुक्रवारी दिलेलं. आणखी थांबायला हवं होतं, आणि तिकडे पोरीची धाप वाढत होती. शेवटी मंगळवारपर्यंत थांबायचं ठरलं, आणि सरांनी हिस्टामिनचं औषध बर्फात घालून पाठवायचं कबूल केलं. हिस्टामिनने अ‍ॅलर्जी नसलेल्या माणसालाही गांधी उठते. ती उठली तर कातडी जागी आहे असं समजायचं.

ते तीन दिवस बकुळा वॉर्डात कुणावर ओरडली नाही, तेव्हा वॉर्डबॉय एकमेकांना विचारायला लागले की सिस्टरला बरं नाही का.

मंगळवारी सकाळी दहाला चंद्रीला खिडकीशी, उजेडात, पलंगाच्या कडेला बसवलं. ट्रेमध्ये अ‍ॅड्रिनलिन भरून ठेवलेलं, बाजूला ऑक्सिजनचं नळकांडं. पेनिसिलिन बकुळाने स्वतः ताजं विरघळवलं, मग पातळ केलं, पुन्हा पातळ केलं, डॉक्टरांच्या वहीतले आकडे दोनदा वाचून. केंद्रावर असताना तीही रोज टेस्ट करायची. इंजेक्शनच्या त्याच पिचकारीतलं, पातळ न करता टोचायची आणि लाल दिसलं की नको म्हणून टाकायची. इतकं घट्ट औषध कुणाच्याही कातडीला झोंबणारच, हे तिला आज कळत होतं. कितीजणांच्या कार्डांवर तिने अशी लाल रेघ ओढली असेल, कोण जाणे. तो हिशेब आत्ता नको, असं तिने मनाला बजावलं.

हाताच्या आतल्या बाजूला तीन ठिपके काढले. पहिल्यावर नुसतं मिठाचं पाणी, तुलनेसाठी. दुसऱ्यावर हिस्टामिन. तिसऱ्यावर पेनिसिलिन. बकुळाने पहिली सुई कातडीत घातली, एवढासा फुगा आला.

आणि चंद्रीचे डोळे फिरले.

ती बाजूला कलंडली. पांढरीफटक. कपाळावर घाम. तानी किंचाळली. बकुळाचा एक हात अ‍ॅड्रिनलिनवर गेला आणि दुसरा, सवयीने, नाडीवर. डॉक्टर धावत आले.

"कौन सा दिया? सिस्टर, कोणतं दिलंत?"

"मिठाचं पाणी," बकुळा म्हणाली. "अजून बाकी काही दिलेलंच नाही. नाडी पन्नास, सर."

सकाळी हीच नाडी एकशे दहा होती. डॉक्टरांनी चंद्रीला आडवं केलं, पाय उशीवर चढवले, छाती ऐकली, गळा पाहिला, अंगभर पाहिलं. कुठे काही नाही. दोन-तीन मिनिटांत पोरीने डोळे उघडले आणि ओशाळून म्हणाली, की सुई कातडीत घुसताना बघितली की असंच होतं. सात-आठ दिवस औषध नळीतून जात होतं, रक्त काढताना ती आडवी पडून तोंड फिरवायची, म्हणून कुणाला कळलं नव्हतं.

बकुळाला हसावं की रडावं कळेना. दहा वर्षांपूर्वीची तीच घेरी तिच्या डोळ्यांसमोर होती, आणि या खेपेला सुईत औषधच नव्हतं. तिला वाटलं, झालं, सुटलो. पण डॉक्टरांनी मान हलवली. मिठाच्या पाण्याने घेरी आली म्हणजे पेनिसिलिन चालतं असा अर्थ नाही. तपासणी पुरी करायची.

चंद्रीला पडल्या पडल्या, तोंड भिंतीकडे करून, बाकीचे ठिपके टोचले. पेनिसिलिन आधी अगदी पातळ, नुसतं वरवर. पंधरा मिनिटं थांबले. मग त्याहून घट्ट. मग कातडीच्या आत. दर वेळी वीस वीस मिनिटं घड्याळाकडे आणि त्या बारक्या काळ्या हाताकडे बघत बसायचं. हिस्टामिनची जागा सुजून चांगली पावलीएवढी झाली, भोवती लाली, खाज. म्हणजे कातडी जागी होती. मिठाच्या पाण्याची जागा सपाट. आणि पेनिसिलिनची? बकुळाने बोट फिरवलं, डॉक्टरांनी पट्टी लावून मोजलं, पुन्हा उजेडात नेऊन पाहिलं. सपाट.

तरीही डॉक्टर म्हणाले, आपल्या देशात तपासणीचं सगळं सामान मिळत नाही, थोडी शंका उरतेच. म्हणून पहिला डोस एकदम नाही. आधी शंभरावा हिस्सा, अर्ध्या तासाने दहावा, मग पूर्ण. बकुळा पलंगाशेजारी स्टूल टाकून बसली, नाडीवर बोटं ठेवून. शंभराव्या हिश्श्याला तिचे स्वतःचे ठोके चंद्रीपेक्षा जास्त पळत होते. दहाव्या हिश्श्याला चंद्रीने मान खाजवली आणि बकुळा ताडकन उठली. डास होता. मेल्या डासाला तिने अशी काही शिवी हासडली, की तानीच्या चेहऱ्यावर आठवड्यात पहिल्यांदा हसू आलं. दीड वाजता पूर्ण वीस लाख युनिट गेले. तीन वाजेपर्यंत काही झालं नाही. साडेपाचला दुसरा डोस तिनेच दिला, तिची ड्यूटी कधीच संपली होती तरी.

दर चार तासांनी नळीतून डोस, चार आठवडे. पाचव्या दिवशी ताप उतरला आणि पुन्हा चढला नाही. लघवी निवळली, धाप बसली. पोरगी भाकरी मागून खायला लागली. घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी नवा कागद लिहून दिला, चक्क ठळक अक्षरांत: पेनिसिलिन चालतं, तपासून पाहिलंय, सुई आडवं झोपवून द्यावी. आणि दर तीन आठवड्यांनी ती जुनी दुखरी सुई पुन्हा सुरू. ती आता बंद करायची नाही. झडप जेवढी बिघडली तेवढी बिघडली, आणखी बिघडू नये म्हणून.

पहिली सुई बकुळानेच दिली. चंद्री पालथी पडून होती. सुई निघाल्यावर तिने सावकाश मान वळवली.

"शिस्टर, ही सुई मला चालत व्हती, तर दहा वर्सं का न्हाय दिली?"

बकुळाला कार्डाकडे बोट दाखवता आलं असतं. त्या वेळच्या डॉक्टरांकडे, नसलेल्या ऑक्सिजनकडेही. ती स्टुलावर बसली. "मी लिहिलं होतं म्हणून नाही दिली," ती म्हणाली. "मी नीट विचारलं नाही. तुला नुसती घेरी आली होती. सुई चालू असती तर तुझं हृदय इतकं बिघडलं नसतं, चंद्री. चूक माझी आहे."

चंद्रीच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बकुळाने तो खाली मान घालून घेतला असता.

"मला ठावं हाय तुमीच त्या," चंद्री म्हणाली. "पयल्याच रोजी वळखलं. त्या रोजी मी उपाशी हाय, ह्ये आयला पन ठावं व्हतं. त्याच्या आदल्या खेपंला एका बाईनं पोर उपाशी आनली, तर तुमी तिला समद्यांच्या म्होरं लई बोल्लात. म्हून आय भ्याली. मला म्हनली, काय बोलू नको, गुमान सुई घे."

तानी दारात गाठोडं घेऊन उभी होती, ती दुसरीकडे बघायला लागली. बकुळाने चंद्रीला हाताला धरून हळूहळू उठवून बसवलं आणि ती आपणहून उभी राहीपर्यंत तिच्याजवळ बसून राहिली.